सात हजार दोनशे रुपयांची चाचणी

स्वयंसेवी संस्थेच्या प्रस्तावाला जोडलेली एक्सेल शीट उघडली की बहुधा एकाच साच्याचा तक्ता दिसतो. डावीकडे पगार, प्रवास, छपाई, प्रशिक्षण, पुस्तके, भाडे, ऑडिट. उजवीकडे रकमा आणि तळाशी बेरीज. शीट हिशेबनिसाने केलेली असते आणि त्याच्या कामाला ती अगदी योग्य असते, कारण वर्षअखेरीस खतावणीतली खाती आणि शीटमधली खाती एकास एक जुळतात. अडचण होते ती पैसे देणाऱ्याची. प्रस्तावाच्या मजकुरात त्याने वाचलेले असते की संस्था मुलांच्या वाचनचाचण्या घेणार, शिक्षकांच्या कार्यशाळा भरवणार, पालकांना शाळेत बोलावणार. शीटमध्ये यातले काहीच नसते. चाचणीला किती पैसे लागणार, हे त्याला कुठेच सापडत नाही.

हे अंतर भरून काढणारा मजकूर म्हणजे बजेट नॅरेटिव्ह किंवा जस्टिफिकेशन, म्हणजे खर्चाचे शब्दांतले समर्थन. कंपन्यांच्या सीएसआर विभागांपासून परदेशी फाउंडेशनपर्यंत बहुतेक जण तो मागतात. आणि बहुतेक संस्था तो शेवटच्या रात्री लिहितात. एक्सेलमधली प्रत्येक ओळ घ्यायची आणि तिच्यापुढे एक वाक्य जोडायचे: ‘प्रवास – कार्यकर्त्यांच्या शाळाभेटींसाठी आवश्यक.’ ‘छपाई – प्रकल्पासाठी लागणारे साहित्य छापण्यासाठी.’ असल्या वाक्यांनी काही सिद्ध होत नाही. प्रवास प्रवासासाठी लागतो, एवढेच ती सांगतात.

खरे काम वेगळे आहे. तोच पैसा दुसऱ्या दिशेने कापून दाखवायचा असतो. शीट सांगते पैसा कशावर जाणार, नॅरेटिव्हने सांगायचे असते तो कोणत्या कामासाठी जाणार. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात एका छोट्या संस्थेला २० जिल्हा परिषद शाळांत वाचनाचा एक वर्षाचा कार्यक्रम करायचा आहे, जूनपासून मेपर्यंत. शाळा पहिली ते चौथीच्या, दोन शिक्षकांच्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, तशा या शाळा. दुसरी ते चौथीची मिळून प्रत्येक शाळेत सरासरी ४५ मुले, म्हणजे एकूण ९००. उपक्रम पाच: सुरुवातीची आणि शेवटची वाचनचाचणी, पुस्तकांचे संच, शिक्षकांच्या कार्यशाळा, कार्यकर्त्यांच्या नियमित शाळाभेटी आणि पालकसभा. माणसे तीन: महिना ३२,००० रुपयांवर एक समन्वयक आणि प्रत्येकी १८,००० रुपयांवर दोन कार्यकर्त्या. (आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. तुमच्या तालुक्यातले दर वेगळे असतील.)

या संस्थेच्या पहिल्या शीटमध्ये ‘चाचणी’ हा शब्द एकाच ठिकाणी आला होता: ‘चाचणीपत्रिकांची छपाई, ९०० मुले × २ वेळा × ४ रुपये = ७,२००.’ वाचणाऱ्याला वाटणार, चाचणी म्हणजे सात हजारांचे किरकोळ काम. पण चाचणी कागदावर घ्यायची नाही. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीत असते तशी ती समोर बसून, एकेका मुलाची घ्यायची आहे: मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, परिच्छेद वाचते का, गोष्ट वाचते का. एका मुलाला दहा मिनिटे धरली तर ४५ मुलांना साडेसात तास. दोघी कार्यकर्त्या मिळून एका शाळेची चाचणी शाळेच्या एका दिवसात उरकू शकतात, एकटीला ते जमणार नाही. म्हणजे २० शाळांना २० दिवस, दोघी धरून ४० मनुष्यदिवस, आणि दोन फेऱ्यांचे ८०. हे ८० दिवस शीटमध्ये ‘पगार’ या ओळीत विरघळून गेले होते.

म्हणून नॅरेटिव्हची सुरुवात पगारापासून करावी लागते. अशा कार्यक्रमात सगळ्यात मोठा खर्च माणसांचाच असतो. या उदाहरणात तिघांचा वर्षाचा पगार ८,१६,००० रुपये आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे एकूण बजेटच्या सहा दशांशांहून अधिक. तो पगार उपक्रमांत वाटल्याशिवाय बाकीच्या ओळींचे समर्थन करण्यात फारसा अर्थ नाही.

वाटायचा कसा? कार्यकर्तीचे दिवस मोजून. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर वर्षाचे २६४, दोघींचे ५२८. आता प्रत्येक उपक्रमापुढे दिवस लिहायला घ्यायचे. प्रस्तावात लिहिले होते की प्रत्येक शाळेला महिन्यातून दोन भेटी, जुलै ते एप्रिल असे दहा महिने. म्हणजे ४०० भेटी. डोंगराळ रस्त्यामुळे दिवसाला एकच शाळा होते, म्हणजे ४०० दिवस. चाचणीचे ८०. कार्यशाळा आणि त्यांची तयारी २०. पालकसभा ४०, प्रत्येकी अर्धा दिवस, म्हणजे २०. पुस्तकांना क्रमांक घालणे, नोंदवह्या करणे, शाळेत नेऊन लावणे यांचे ४०. दर महिन्याची आढावा बैठक, दोघींचे २४ दिवस. बेरीज ५८४. हातात होते ५२८, आणि त्यात रजा आणि सण अजून धरलेच नव्हते.

महिन्यागणिक पाहिले तर गोष्ट आणखी उघडी पडते. एकीकडे दहा शाळा, महिन्याला दोन भेटी, म्हणजे २२ पैकी २० दिवस भेटींतच गेले. आणि ज्या जुलैत या २० भेटी आहेत त्याच जुलैत चाचणीचेही २० दिवस आहेत.

शीटमध्ये हे कधीच दिसले नसते, कारण शीटमध्ये पगाराची ओळ बरोबर होती: दोन माणसे, बारा महिने, १८,०००. चूक पैशात नव्हती, योजनेत होती. नॅरेटिव्ह लिहिण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो, आणि तो पैसे देणाऱ्यापेक्षा संस्थेलाच जास्त होतो. म्हणूनच तो शेवटच्या रात्री लिहायचा मजकूर नाही. उपक्रम ठरत असतानाच तो लिहायला घेतला पाहिजे, म्हणजे योजना बदलायला वेळ उरतो.

इथे योजना बदलावी लागली. चाचणी जुलै आणि एप्रिलमध्ये, त्या दोन महिन्यांत भेटी नाहीत. मधले आठ महिने, ऑगस्ट ते मार्च, दर दोन महिन्यांत प्रत्येक शाळेला तीन भेटी. म्हणजे शाळेमागे १२, एकूण २४०, एकीच्या वाट्याला महिन्याला १५. आता उपक्रमांचे दिवस असे झाले: भेटी २४०, चाचणी ८०, पुस्तके ४०, कार्यशाळा २०, पालकसभा २०. बेरीज ४००. उरलेल्या १२८ पैकी २४ बैठकांचे आणि बाकीचे रजा, सण आणि नोंदी भरण्याचे.

हे १२८ दिवस कोणत्या उपक्रमात घालायचे, हा प्रश्न हमखास येतो. स्वतंत्र ओळीत ते ‘अनुत्पादक वेळ’ म्हणून दाखवू नयेत, कारण वाचणारा तीच ओळ आधी कापतो. रजा, बैठक आणि नोंदी हा प्रत्येक कामाच्या खर्चाचाच भाग आहे. म्हणून दोघींचा वर्षाचा ४,३२,००० पगार ४०० कामाच्या दिवसांवर पसरायचा: दिवसाला १,०८० रुपये. ही पद्धत नॅरेटिव्हच्या पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात सांगून टाकावी, म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर तयार असते.

समन्वयकाचे दिवस इतके बारीक मोजता येत नाहीत, तिथे वेळेची टक्केवारी चालते. पण टक्केवारीलाही आधार हवा. चाचणीसाठी २० टक्के म्हटले तर ते २६४ पैकी सुमारे ५२ दिवस होतात, फेरीला २६. त्यात चार दिवस साहित्याची तयारी आणि कार्यकर्त्यांचा सराव, आठ दिवस शाळांत देखरेख, चौदा दिवस माहिती तपासून २० शाळांचे अहवाल करणे. एवढे सांगता आले तर २० टक्के खरे. सांगता आले नाही तर तो आकडा सोयीने घातलेला आहे, आणि अनुभवी वाचणाऱ्याला ते ओळखू येते.

आता चाचणीचा पूर्ण खर्च मांडता येतो. कार्यकर्त्यांचे ८० दिवस, ८६,४०० रुपये. समन्वयकाच्या ३,८४,००० पगाराचे २० टक्के, ७६,८००. प्रवास: दोघी एकाच दुचाकीवर जाणार म्हणून ४० फेऱ्या आणि समन्वयकाच्या १६, अशा ५६ फेऱ्या, प्रत्येकी सरासरी ३० किलोमीटर, पाच रुपये दराने ८,४००. छपाई ७,२००. एकूण १,७८,८०० रुपये. सात हजार दोनशेची चाचणी ती हीच. एका मुलाची एक चाचणी सुमारे ९९ रुपयांना पडते.

पहिल्या शीटमध्ये चाचणीचा प्रवासखर्च धरलेलाच नव्हता, हेही इथे लक्षात आले. तिथे प्रवासाची ओळ ७५,००० होती, सगळी शाळाभेटींची. भेटी कमी झाल्या, चाचणीच्या फेऱ्या वाढल्या आणि ओळ ५४,००० वर आली.

नॅरेटिव्हमधला परिच्छेद साधारण असा होतो:

‘उपक्रम १: वाचनचाचणी. जुलै आणि एप्रिलमध्ये २० शाळांतील इयत्ता दुसरी ते चौथीच्या ९०० मुलांची वाचनपातळी समोरासमोर तपासली जाईल. एका मुलास सुमारे दहा मिनिटे लागत असल्याने एका शाळेसाठी दोन कार्यकर्त्यांचा एक दिवस धरला आहे. दोन फेऱ्यांचे एकूण ८० मनुष्यदिवस, दिवसाला १,०८० रुपये. समन्वयकाचा २० टक्के वेळ साहित्याची तयारी, देखरेख आणि शाळानिहाय अहवाल यांसाठी आहे. प्रवासाच्या ५६ फेऱ्या संस्थेच्या मंजूर दुचाकी दराने धरल्या आहेत. पत्रिकांच्या छपाईचा दर स्थानिक छपाईवाल्याच्या कोटेशनप्रमाणे आहे. एकूण १,७८,८०० रुपये. पहिल्या फेरीवरून प्रत्येक शाळेला मिळणाऱ्या पुस्तकांची पातळी ठरेल. दुसऱ्या फेरीवरून कार्यक्रमाचा परिणाम मोजला जाईल.’

या परिच्छेदात विशेषणे नाहीत, ‘अत्यंत महत्त्वाचे’ नाही, ‘सक्षमीकरण’ नाही. किती वेळा, किती जण, कोणत्या दराने, दर कुठून आला आणि हे काम झाले नाही तर पुढचे कोणते काम अडेल, एवढेच आहे. शेवटची दोन वाक्ये सर्वात मोलाची, कारण त्यांनी चाचणी पुस्तकांच्या खर्चाला बांधली गेली. चाचणी कापली तर २,३०,००० रुपयांची पुस्तके अंदाजाने वाटावी लागतील, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते.

दर कुठून आला, हे सांगताना थोडी काळजी लागते. पुस्तकांचे २० संच, प्रत्येकी १५० पुस्तके, सरासरी ६० रुपये, म्हणजे १,८०,०००. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पण पुस्तके ठेवायच्या लोखंडी मांडणीवर तो आहे, आणि कोटेशनमध्ये पुष्कळदा तो वेगळा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. मांडणीचे २,५०० रुपये कर धरून आहेत असे नॅरेटिव्हमध्ये लिहिले नाही, तर खरेदीच्या दिवशी तूट निघते. कार्यशाळेतही असेच. शिक्षक ४०, पण जेवणे ४५ जणांची, कारण तिघी संस्थेच्या, एक मार्गदर्शक आणि एक केंद्रप्रमुख. हे न लिहिले तर ४० आणि ४५ मधला फरक वाचणाऱ्याला चुकीसारखा दिसतो.

यंत्राची बाजू सोपी आहे. एक्सेलमध्ये खर्चाच्या हेडच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवायचा आणि प्रत्येक ओळीला उपक्रमाचा क्रमांक द्यायचा: A1 चाचणी, A2 पुस्तके, असे. एक खर्च दोन उपक्रमांत जात असेल तर ती ओळ फोडून दोन ओळी करायच्या. संख्या D मध्ये, वेळा E मध्ये, दर F मध्ये, रक्कम G मध्ये असेल तर एवढे पुरते:

```
G2:  =D2*E2*F2
A1:  =SUMIFS(Sheet1!G:G,Sheet1!B:B,"A1")
```

दुसरे सूत्र वेगळ्या पानावर ठेवायचे आणि प्रत्येक उपक्रमाला एकेक. सगळ्या उपक्रमांची बेरीज आणि सगळ्या हेडची बेरीज एकच आली पाहिजे. या उदाहरणात ती १३,४२,६०० आहे. फरक आला तर कुठली तरी ओळ बिनक्रमांकाची राहिली आहे.

तरीही आकडे बिघडतात ते बहुधा शेवटच्या दोन दिवसांत. कोणीतरी दर बदलतो, शीट आपोआप बदलते, वर्डमधला परिच्छेद तसाच राहतो. एका पानावर ५६ फेऱ्या, दुसऱ्यावर ६०. एवढ्याने प्रस्ताव नाकारला जाईलच असे नाही, पण मग वाचणारा प्रत्येक आकडा संशयाने तपासू लागतो. शीट बंद झाल्यावरच नॅरेटिव्हमधले आकडे भरावेत, आणि दोघांपैकी ज्याने शीट केली नाही त्याने ते शीटशी ताडून पाहावेत. ‘इतर’ आणि ‘एकरकमी’ या ओळींबद्दल एवढेच सांगेन की त्या फोडता येत नसतील तर काढून टाकाव्यात.

उपक्रमांत न बसणारा खर्च मात्र खराच असतो. हिशेबनिसाचे महिना ६,०००, कार्यालयाच्या भाड्याचा वाटा ३,०००, ऑडिट १५,००० मिळून १,२३,०००, म्हणजे एकूण बजेटच्या नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. हा खर्च लाजत लपवला जातो. कोणी भाडे ‘प्रशिक्षण’ खाली घालते, कोणी हिशेबनिसाला ‘क्षेत्रीय सहायक’ करते. त्यापेक्षा तो उघड लिहावा आणि वाटा कसा काढला ते सांगावे: जसे, कार्यालयातल्या नऊ टेबलांपैकी तीन या प्रकल्पाची, म्हणून भाड्याचा एक तृतीयांश.

इथे कायद्याचा एक गैरसमज फार पसरला आहे. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपुरता, म्हणून तुमचाही पाचच, असे संस्थांना सर्रास सांगितले जाते. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, आणि एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. कंपनी संस्थेला किती देईल हा तिच्या धोरणाचा भाग झाला, त्यावर बोलणी होऊ शकतात. परदेशी देणगीचे प्रकरण निराळे. एफसीआरए कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाल्यापासून प्रशासकीय खर्च वर्षाच्या परदेशी निधीच्या २० टक्क्यांपुरता आहे, आधी तो ५० टक्के होता. तिथे कोणता पगार उपक्रमाचा आणि कोणता प्रशासनाचा, याची व्याख्या नियमांतच आहे. उपक्रमनिहाय नॅरेटिव्ह नीट लिहिलेला असेल तर ऑडिटरला ही विभागणी करताना अंदाज बांधावे लागत नाहीत.

एकाच माणसाचा पगार दोन देणगीदारांकडे लावण्याचा मोह इथेच पकडला जातो. एका प्रस्तावात समन्वयक १०० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. प्रत्येक नॅरेटिव्ह आपापल्या जागी बरोबर दिसतो. म्हणून संस्थेत सगळ्या प्रकल्पांचा मिळून एक तक्ता असावा, माणूस एका बाजूला, प्रकल्प दुसऱ्या, आणि कोणाचीही आडवी बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये. उपयोग प्रमाणपत्र देणारा सनदी लेखापाल आज हे विचारणार नाही कदाचित, पण दोन देणगीदार एकमेकांना ओळखत असतील तर ते विचारतील.

वाटाघाटीत या सगळ्याचा उपयोग होतो. देणगीदार म्हणतो, ‘दोन कार्यकर्त्या कशाला? एक पुरे, २,१६,००० वाचतील.’ हेडनिहाय शीटवर या म्हणण्याला उत्तर नाही, ती फक्त एक ओळ लहान होते. उपक्रमांचा तक्ता हाती असेल तर उत्तर सरळ आहे: एक कमी झाली तर कामाचे २०० दिवस जातात. चाचणी आणि पुस्तके ठेवली तर शाळाभेटी २४० वरून ४० वर येतील, म्हणजे शाळेला वर्षात दोन. हे चालत असेल तर कापू. निर्णय देणगीदाराचाच, पण आता तो पगाराबद्दल नाही, मुलांकडे कोणी किती वेळा जायचे याबद्दल आहे.

देणगीदारांना मात्र एक विनंती. तुमच्या अर्जाच्या नमुन्यात हेडच्या प्रत्येक ओळीपुढे पन्नास शब्दांची चौकट असते आणि उपक्रमाचा रकानाच नसतो. तो एक रकाना वाढवा आणि खर्चाचे समर्थन उपक्रमानुसार मागा. छोट्या संस्थांना त्यासाठी दोन आठवडे जास्त द्यावे लागले तरी द्या.